पाखरांच्या भोंग्याची तक्रार

माझी रात्र सकाळी आठला सुरू होते. तिसरी पाळी करणाऱ्या माणसाची रात्र अशीच असते आणि ती कुणाच्या खिजगणतीत नसते. एमआयडीसीतला पत्रा दाबायचा प्रेस बंद करायचा, मोटरसायकलवर अख्खं नगर ओलांडून केडगावला यायचं, दोन घास खायचे, खिडकीचा जाड पडदा ओढायचा आणि आडवं व्हायचं. सगळं जग कामाला लागलेलं असताना आपण घोरायचं, यात एक चोरटं सुख आहे. त्या हिवाळ्यात ते सुख एका भोंग्यानं खाल्लं.

आमची कॉलनी नवी. शेतजमिनीचे प्लॉट पाडून झालेली. शेवटच्या रांगेतलं शेवटचं घर आमचं, आणि भिंतीपलीकडं लगेच ज्वारीचं रान. उन्हाळ्यात आम्ही राहायला आलो तेव्हा ते नांगरून पडलेलं होतं. घर दाखवणाऱ्या एजंटनं त्याच्याकडं हात करून सांगितलं होतं, "इकडून काही त्रास नाही, मोकळं रान आहे." मी त्याच्यावर विश्वास ठेवला. मला त्या माणसाला एकदा ज्वारी हुरड्यावर आलेली असताना आमच्या घरात झोपवायचंय.

पलीकडच्या बांधाला दोन खोल्यांचं घर होतं आणि तिथं या रानाचा मालक, एक म्हातारा शेतकरी राहायचा. कणसात दाणा भरायला लागला आणि त्यानं रानाच्या मधोमध एक उंच बांबू रोवून त्याला भोंगा बांधला. हा भोंगा म्हणजे भाजीवाले गाडीला लावतात तोच, चार्जिंगचा. बटण दाबून तोंडासमोर धरायचा आणि ओरडायचं, की तेवढंच ओरडणं तो पुन्हा पुन्हा ऐकवत बसतो. पाखरं हाकलायला आता सगळेच शेतकरी तो लावतात. आमच्या म्हाताऱ्यानं त्याचं तोंड नेमकं आमच्या खिडकीकडं केलं होतं, कारण पाखरं आमच्या गच्चीवरून यायची. गच्चीवरून यायची, कारण माझी बायको रोज सकाळी तिथं चिमण्यांना तांदूळ टाकायची. आमच्याकडं नाष्टा करायचा आणि जेवायला पलीकडं जायचं, असा त्यांचा शिरस्ता पडला होता.

भोंगा सुरू झाला की आधी म्हातारा गरजायचा, "हाऽऽ हाऽऽ! हुर्रर्र! उठा मेल्यांनो!" मग पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज. आणि मग, रेकॉर्डिंग बंद व्हायच्या आत मागून कुठूनतरी आलेली एका बाईची हाक, "आवं, च्या ठेवलाय, या." लगेच पुन्हा हाऽऽ हाऽऽ, डबा आणि चहा. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत हेच.

ओरडण्याचं मी एक वेळ समजू शकत होतो. डब्याचंही. माझा जीव खाल्ला तो चहानं. डोळा लागत आला की कुणीतरी चहाला बोलवायचं आणि मी अंथरुणात उठून बसायचो. किती चहा पिता हो, असं मी त्या न पाहिलेल्या बाईला पडद्यामागून ओरडून विचारायचो. वाईट म्हणजे माझी बायको पाथर्डीकडची. तीही मला त्याच शब्दांत, त्याच सुरात चहाला बोलवते. शेवटी मी तिला हात जोडून सांगितलं, की भोंगा आहे तोवर तू ते वाक्य उच्चारू नकोस, मला आतला आवाज कोणता न् बाहेरचा कोणता ते कळेनासं झालंय. तेव्हापासून ती नुसता कप आणून आदळायला लागली.

हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतं. प्रेसवर पत्रा ठेवायचा, हात मागे घ्यायचा, पेडल दाबायचं. हा क्रम झोपाळलेल्या माणसानं एकदा जरी चुकवला तरी बोटं मशीनमध्ये राहतात. एका पाळीत माझी मान खाली गेली आणि शेजारच्यानं कॉलर धरून मला मागे ओढलं. सुपरवायझर म्हणाला, "पुन्हा असं दिसलं तर तुला मशीनवर उभा करणार नाही." त्या सकाळी घरी येताना मी माझी दहा बोटं हँडलवर पाहत आलो आणि मला मनापासून भीती वाटली.

आधी हा भोंगा रात्रीही वाजायचा, रानडुकरांसाठी. ते सुख कॉलनीच्या वाट्याला होतं, कारण रात्री मी कारखान्यात. कॉलनीतल्या कुणीतरी एकशे बारा नंबर फिरवला, गाडी आली, आणि पोलिसांनी म्हाताऱ्याला सांगितलं की रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा लावायचाच नाही, मग आवाज लहान असो की मोठा. म्हाताऱ्यानं ऐकलं. तो रात्री स्वतः बॅटरी घेऊन रानात फिरायला लागला. कॉलनी गाढ झोपली आणि दुसऱ्या दिवशी जिलेबी आणून वाटली. मी जिलेबी खाता खाता म्हणालो की दिवसाचंही काहीतरी करू या, तर सगळे माझ्याकडं बघायला लागले. एकजण म्हणाला, "दिवसा कोण झोपतं?"

म्हणून मी एकटाच लढाईला निघालो. पहिलं शस्त्र म्हणून मोबाईलवर डेसिबल मोजायचं ॲप घेतलं आणि उशाशी लावून झोपलो. उठून पाहिलं तर आकडा भलताच वर गेलेला. मी उड्या मारत बायकोला दाखवायला गेलो. तिनं शांतपणे सांगितलं की तेव्हा भोंगा चार्जिंगला नेलेला होता आणि मी घोरत होतो. "घरं आस्त्यात तिथं रात्रीला पंचेचाळीस डेसिबलच चालतं म्हनं. दिवसा झोपता म्हनून सुटलात," ती म्हणाली. हे तिला कुठून कळलं होतं कोण जाणे, पण बरोबर होतं.

मग मी एकशे बाराला फोन केला. पलीकडच्या बाईनं नम्रपणे सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "कार्यक्रम कसला आहे?" मी म्हणालो, "पाखरं हाकलण्याचा." थोडा वेळ टाइप करण्याचा आवाज आला. "किती वाजेपर्यंत चालणार आहे?" मी म्हणालो, "ज्वारी निघेपर्यंत."

गाडी आली, पण येईपर्यंत भोंग्याची बॅटरी उतरली होती आणि रानात इतकी शांतता होती की आलेल्या हवालदारांनी माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. हवालदार माणूस सज्जन होता. त्यांनी समजावून सांगितलं की रात्रीची तक्रार सोपी, कारण रात्री भोंगा वाजला हाच गुन्हा. दिवसाचं तसं नाही. दिवसा आवाज मोजावा लागतो आणि तो तुमच्या मोबाईलनं नाही, आमच्या मीटरनं. ठाण्यात लेखी अर्ज द्या, मीटर घेऊन येतो. "आणि नावाची काळजी करू नका. तक्रारदाराचं नाव आम्ही कुणाला कळू देत नाही. कोर्टाचंच तसं सांगणं आहे," असं त्यांनी दोनदा बजावलं.

मी अर्ज दिला. आवाज कसला, कुठून, कधीपासून, रोज किती वेळ, आणि मला काय त्रास होतो ते लिहिलं. पोच घेतली. काही दिवसांनी हवालदार मीटर घेऊन खरोखर आले. माझं नाव फुटू नये म्हणून त्यांनी कॉलनीतल्या प्रत्येक घराची बेल वाजवून "आवाजाचा त्रास आहे का?" असं विचारलं. फक्त माझ्या घराची बेल वाजवली नाही. सगळी कॉलनी बाहेर येऊन माझ्या घराकडं बघायला लागली. मग त्यांनी मीटर माझ्याच खिडकीखाली, भिंतीपाशी तिपाईवर उभा केला, कारण हद्द तिथंच होती. मी बनियनवर, डोळे चोळत, 'काय चाललंय बुवा' असा चेहरा करून बाहेर आलो.

म्हाताराही बांधावरून चालत आला. पांढरी टोपी, अंगात स्वेटर, हातात गोफण. हवालदारांना राम राम करून तो माझ्या शेजारी उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "कुनीतरी तक्रार केली म्हनं. कोन असंल हो?"

"काय की," मी म्हणालो.

"तुमी बघा, रातपाळीचं मानूस. खरा तरास तुमाला. तरी तुमी कदी बोलला न्हाई."

मी मीटरकडं बघत राहिलो. हवालदारांना खोकला आला.

मोजणी सुरू झाली. हवालदारांनी आधी नियम सांगितला, की रहिवासी भागाला दिवसा पंचावन्न डेसिबल आणि रात्री पंचेचाळीस.

"आन् शेताला?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"शेत यादीत नाही, बाबा. कारखान्याचा भाग, बाजारपेठ, रहिवासी भाग, आणि दवाखाना-शाळा-कोर्टाजवळचा शांतता विभाग. एवढे चारच."

"म्हंजी शेतात आवाजच हुत न्हाई का सायेब?"

"होतो. पण तो ऐकू कॉलनीत जातो, आणि कॉलनी रहिवासी आहे. म्हणून इथं मोजायचा."

आधी भोंगा बंद ठेवून नुसत्या परिसराचा आवाज घ्यायचा होता. म्हाताऱ्यानं जाऊन भोंगा बंद केला. आम्ही सगळे गप्प उभे राहिलो. आकडा अठ्ठावन्नवर जाऊन बसला.

"बंद आस्तानाच जास्त?" म्हातारा म्हणाला.

"तो पुणे रोड आहे."

"मंग आदी रोडला समज द्या की."

हवालदारांनी हे लिहून घेतलं नाही. भोंगा सुरू करायला सांगितलं. नेमकं त्याच वेळी आमच्या गच्चीवरचे तांदूळ संपवून अख्खा थवा ज्वारीवर उतरला आणि म्हाताऱ्यानं सरकारी मोजणी विसरून भोंग्याच्या जोडीनं स्वतःही हाऽऽ हाऽऽ सुरू केलं. हवालदार ओरडले, "बाबा, तुम्ही नका! फक्त यंत्र!" त्यांच्या ओरडण्यानं आकडा आणखी चढला आणि मोजणी पहिल्यापासून करावी लागली. दुसऱ्यांदा सगळे नीट वागले. आकडा आला चौऱ्याहत्तर.

"मर्यादेपेक्षा दहानं जास्त गेला की तक्रार धरतात," हवालदार म्हणाले. "इथं त्याच्याही वर आहे. शिवाय बाबा, भोंगा लावायची लेखी परवानगी आहे का?"

"पाखरं हाकलायला परवानगी?"

"पाखरं हाकलायला नाही. भोंग्याला. कशासाठीही लावा, परवानगी लागते."

हवालदारांच्या फाईलमध्ये अर्जाचा नमुना होता. त्यात कार्यक्रमाचं स्वरूप विचारलं होतं आणि उपस्थितीचा अंदाजही. पाखरांचा थवा आम्ही तिघांनी मिळून मोजायचा प्रयत्न केला, पण ती एका जागी बसेनात. हवालदार म्हणाले, ते राहू द्या. पहिली वेळ आहे म्हणून समज देतो, ऐकलं नाही तर भोंगा जप्त होईल. परवानगी घ्या आणि आवाज पंचावन्नच्या आत आणा.

"पंचावन्नाला पाखरं ऐकत न्हाईत, सायेब."

इथं मला वाटलं की आपणही काहीतरी मदत करावी. त्रयस्थ माणूस म्हणून मी पुढं झालो आणि म्हणालो, "बाबा, रेकॉर्डिंगच नवं करा ना. जरा हळू आवाजात. आणि ती चहाची हाक तरी काढून टाका. तिनं काय पाखरं उडतात का?"

 म्हातारा गोफणीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. मग हवालदारांकडं बघून म्हणाला, "ती मालकीन आमची. मागच्या सुगीत भोंगा घेतला, तवा मी वरडत हुतो आन् तिनं घरातनं हाक मारली. ती बी आत गेली भोंग्यात. लई हसलो हुतो आमी." त्यानं दोरी सोडून पुन्हा गुंडाळली. "पावसाळ्यात गेली ती. नवं भरायचं बटन दाबलं का जुनं पुसतंय. म्हनून न्हाई भरलं."

हवालदारांनी टोपी काढून पुन्हा घातली.  मी त्या बाईला पडद्याआडून काय काय म्हणालो होतो ते सगळं मला एकदम आठवलं आणि स्वतःची लाज वाटली.  भोंगा मोजणीनंतर बंदच होता आणि मीटर तेवढा पुणे रोड मोजत होता, अठ्ठावन्न.

मग म्हाताऱ्यानं विचारलं, "घरात हळू लावला तर? दार लावून?"

"घरात, बाहेर ऐकू येणार नाही इतका हळू लावला तर कुणाची हरकत नाही," हवालदार म्हणाले.

"मंग ठीक हाय," असं म्हणून तो रानात गेला, बांबू वाकवून त्यानं भोंगा सोडला आणि तान्हं मूल घेतात तसा काखेत घेऊन घराकडं चालायला लागला. हवालदारांनी माझ्याकडं न बघता मीटर उचलून तिपाईची घडी केली. जाताना मी त्यांना हळूच विचारलं, की त्यानं आता नुसत्या तोंडानं ओरडायचं ठरवलं तर? ते म्हणाले, "गळ्याला परवानगी लागत नाही."

दुसऱ्या दिवसापासून म्हातारा तोंडानंच ओरडायला लागला. रानाच्या मधोमध दगडांवर फळी टाकून त्यावर उभा राहायचा, डबा बडवायचा, गोफण फिरवायचा. पण माणसाचा गळा यंत्रासारखा चालत नाही. तो पाणी प्यायला थांबायचा, बिडी ओढायला थांबायचा, आणि त्या फटीत मला झोप लागायची. प्रेसवर माझी मान ताठ राहायला लागली. सुपरवायझर म्हणाला, सुधारलास. बायकोनं गच्चीवर तांदूळ टाकायचं बंद केलं, मी न सांगता. हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं आणि तरी दुपारी अधूनमधून मी चहाच्या हाकेची वाट बघत जागा व्हायचो.

ज्वारी काढणीला आली होती तेव्हाची गोष्ट. माझी साप्ताहिक सुट्टी होती. सकाळी मी गच्चीवर उन्हात बसलो होतो. पलीकडं म्हातारा फळीवर उभा राहून ओरडत होता. त्याचा आवाज पार बसला होता आणि पाखरं त्याला आता फारशी भीत नव्हती. एवढ्यात खालून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोनं मला हाक मारली. भोंगा गेला म्हणून तिची जुनी सवय परत आली होती.

"आवं, च्या ठेवलाय, या."

मी उठलो. समोर बघितलं तर म्हातारा ओरडता ओरडता थांबला होता. त्यानं डबा खाली ठेवला, फळीवरून उतरला आणि चालायला लागला. घराकडं, त्याच्या. उंच ज्वारीतून नुसती पांढरी टोपी जाताना दिसत होती आणि चांगली झपझप जात होती. अर्ध्या रानात ती थांबली आणि तिथंच राहिली. त्याच्या मागं पाखरं कणसांवर उतरली, तरी तो ओरडला नाही.

मला ते बघवेना. मी कठड्याशी जाऊन दोन्ही हात तोंडाशी धरले आणि गळा फाडून ओरडलो, "बाबा! च्या इकडं हाय! इकडं या!" शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई दचकली. खालून बायको म्हणाली, काय झालं, आणि मग तिनं खिडकीतून रानाकडं पाहिलं आणि आधणात पाणी वाढवल्याचा आवाज आला.

टोपी वळली. बांध ओलांडून तो आमच्या भिंतीपाशी आला. आत काही येईना, पाय मातीचे आहेत म्हणाला. म्हणून आम्ही भिंतीवरच कपबशी ठेवली, तो पलीकडं उभा आणि आम्ही दोघं अलीकडं. तो बशीत ओतून, फुंकर मारून प्यायला. ज्वारी बरी उतरेल, म्हणाला. डुकरांनी एक कोपरा खाल्ला, म्हणाला. बायकोनं पुन्हा ओतला तो दुसराही कप प्यायला. मग कप बशीत पालथा घालून त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"मंग, दिवसा झोप लागती ना आता?"

मी हो म्हणालो.